लकाकीची वंशावळ

१९८१ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉब कुक यांनी संगणकावर दोन फुलदाण्या काढल्या. घाट तोच, तांबूस रंग तोच. एक फुलदाणी प्लास्टिकची दिसत होती आणि दुसरी तांब्याची. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण तोवर संगणकाने काढलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू, मग ती किटली असो की विमान, प्लास्टिकचीच वाटायची. त्या दुसऱ्या फुलदाणीपासून आजच्या उत्पादनांच्या चकचकीत चित्रांचा एक सरळ धागा निघतो. कारखान्यात वस्तू तयार होण्याआधीच तिचा ‘फोटो’ सादरीकरणात येतो, तो म्हणजे रेंडर. या रेंडरमध्ये घाट काढणे हा सोपा भाग. खरा इतिहास आहे तो त्यावरच्या लकाकीचा.

आधी प्लास्टिकचे कोडे. सत्तरीच्या दशकात युटा विद्यापीठ हे या विद्येचे माहेरघर होते. तिथे बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी संशोधकाने चकाकणाऱ्या पृष्ठभागासाठी एक सुटसुटीत सूत्र दिले. दिव्याचा किरण पृष्ठभागावरून जिकडे परावर्तित व्हायला हवा ती दिशा, आणि बघणाऱ्याचा डोळा ज्या दिशेला आहे ती दिशा, या दोन्ही जितक्या जवळ तितका ठिपका तेजस्वी. कोनाची कोसाइन किंमत घ्यायची आणि तिचा घात वाढवत न्यायचा. घात मोठा तर ठिपका लहान आणि टोकदार. १९७५ साली हा निबंध छापून आला आणि त्याच वर्षी फाँग ल्युकेमियाने गेले. वय अवघे ३२. त्यांचे सूत्र आजही कुठे ना कुठे चालते, कारण ते स्वस्त आहे.

मात्र त्या सूत्राच्या नेहमीच्या वापरात चकाकीच्या ठिपक्याला दिव्याचा रंग दिला जाई. वस्तू लाल असो की निळी, पांढऱ्या दिव्याखाली ठिपका पांढराच. प्लास्टिकच्या बाबतीत हे बरोबर आहे. प्लास्टिक म्हणजे पारदर्शक राळेत मिसळलेले रंगद्रव्य. प्रकाशाचा थोडा भाग वरच्या वरच परततो, तो आपला मूळ रंग घेऊन. उरलेला आत शिरतो, रंगद्रव्याला धडकून रंगीत होऊन बाहेर पडतो. धातूत असे काही होत नाही. प्रकाश आत शिरतच नाही म्हटले तरी चालेल. जे काही परत येते ते पृष्ठभागावरूनच, आणि रंग त्या परावर्तनातच मिसळलेला असतो. म्हणून तांब्यावरचा ठिपका तांबूस असतो, पितळेवरचा पिवळसर. फक्त अगदी तिरप्या कोनातून, भांड्याच्या कडेकडेने पाहिले, तर तो हळूहळू दिव्याच्या रंगाकडे झुकतो. कुक यांनी हे सगळे, कडेचा रंगबदलसुद्धा, हिशोबात धरले. फुलदाणी तांब्याची झाली ती तिथे.

त्यांच्या निबंधावर दुसरे नाव आहे केनेथ टॉरन्स यांचे, आणि मला ते जास्त रंजक वाटते. टॉरन्स हे मेकॅनिकल इंजिनिअर. चित्राशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांना उष्णतेच्या प्रारणात रस होता. खडबडीत धातूवर पडलेले किरण कुठे किती फेकले जातात, हे त्यांना मोजायचे होते. १९६७ साली त्यांनी आणि एफ्रेम स्पॅरो यांनी मांडले की असा पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म सपाट आरसे समजावेत, प्रत्येकाचा कल थोडा वेगळा. काही आरसे शेजारच्या आरशाच्या सावलीत जातात, काही त्याच्या मागे लपतात. हे आरसे जितके एका दिशेला वळलेले तितका धातू लखलखीत, जितके अस्ताव्यस्त तितका मंद. आज रेंडरच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये `Roughness` नावाची जी सरकपट्टी असते, ती ० ते १ या अंकात याच आरशांचा अस्ताव्यस्तपणा सांगते. जाहिरातीतल्या भांड्याची चमक अशी उष्णतेच्या प्रयोगशाळेतून आली आहे.

पण तांब्याचा रंग सुधारला तरी वस्तू खरी वाटायला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती संगणकवाल्यांच्या कितीतरी आधी चित्रकारांना माहीत होती. चकाकणारी वस्तू आपण जवळजवळ पाहतच नाही. तिच्यात पडलेले भोवताल पाहतो. सतराव्या शतकात विलेम क्लास हेडा हा डच चित्रकार जेवणाच्या मेजावरची कथलाची आणि चांदीची भांडी रंगवत असे. त्याच्या ग्लासांवर आणि सुरयांवर खिडकी दिसते, चौकटीसकट, गोलाईवर वाकलेली. खिडकी चित्रात कुठेच नाही, तरी खोली समजते.

हीच युक्ती विसाव्या शतकात मोटारींच्या रेखाटनकारांनी नियमच करून टाकली. क्रोमचा बंपर एअरब्रशने रंगवायचा तर वरच्या निम्म्या भागात आकाशाची निळाई, खालच्या निम्म्यात जमिनीचा तपकिरी रंग, आणि मधोमध क्षितिजाची जवळजवळ काळी रेघ. ती रेघ घाटाबरोबर वळली पाहिजे. आकाश क्षितिजाकडे फिकट होत जाते आणि मग एकदम काळी रेघ लागते, हा जो झटका आहे त्यातच क्रोम असते. रंग नुसते एकमेकांत मिसळले तर बंपर रबराचा होतो. गंमत अशी की मोटार शहरात उभी असली तरी बंपरमध्ये वाळवंट दिसायचे, आणि कोणी तक्रार करायचे नाही. परावर्तन खरे असण्यापेक्षा घाट सांगणारे असावे लागते, हे त्यांनी ताडले होते. आजही हे खरे आहे.

संगणकात भोवताल आणले जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी, १९७६ साली. न्यूएल म्हणजे युटाच्या त्या प्रसिद्ध किटलीचे जनक. घरातली मेलिट्टा कंपनीची किटली आलेखाच्या कागदावर रेखून त्यांनी तिचे आकडे संगणकात भरले होते. त्याच किटलीभोवती त्यांनी चित्राचा एक कल्पित गोल गुंडाळला. किटलीच्या प्रत्येक बिंदूवरून नजर जिकडे परावर्तित होईल, त्या दिशेला गोलावर जो रंग असेल तो उचलायचा. एवढे केल्यावर किटलीवर खिडकी चमकली, हेडाच्या भांड्यांवर चमकावी तशी.

पुढची पायरी म्हणजे ते भोवताल रंगवण्याऐवजी टिपणे. १९८२-८३च्या सुमारास जीन मिलर आणि केन पर्लिन यांनी बागेत शोभेला ठेवतात तसला आरशाचा गोळा आणि नाताळच्या झाडाचा चकचकीत गोळा यांचे फोटो काढले. गोळ्यात सगळा परिसर वाकून सामावतो. तोच उलटा उलगडला की भोवतालचे चित्र हाती येते. त्यातून त्यांनी एका खऱ्या पार्किंगच्या आवारात चकचकीत धातूचा कुत्रा उभा केला. कुत्रा कसला, फुग्यांचा पुंजकाच, पण त्याच्या अंगावर ते आवार बरोबर उमटलेले.

तरी अडचण उरलीच. साध्या फोटोत सर्वांत उजळ बिंदूचा आकडा २५५. पांढरा कागदही २५५, दिवाही २५५ आणि सूर्यही २५५. प्रत्यक्षात सूर्य त्या कागदाच्या हजारो पट तेजस्वी. अशा फोटोने वस्तू उजळली तर सगळीकडून मिळमिळीत उजेड येतो, सावली धड पडत नाही आणि मंद धातूवर ठिपका उमटतच नाही. १९९७-९८ मध्ये पॉल डेबेव्हेक यांनी यावर उपाय केला. एकाच आरसा-गोळ्याचे कमी-जास्त वेळ शटर उघडे ठेवून अनेक फोटो घ्यायचे आणि ते जोडून प्रत्येक बिंदूचे खरे तेज काढायचे. आता ते चित्र नुसते प्रतिबिंबापुरते राहिले नाही, तोच दिवा झाला. आज ज्याला सगळे ‘एचडीआरआय’ म्हणतात ते हेच.

दरम्यान किरणांनी एकापेक्षा अधिक उड्या मारायच्या, हाही प्रश्न सुटत होता. १९८० साली बेल लॅब्समध्ये टर्नर व्हिटेड यांनी काचेचे नि आरशाचे गोळे काढले. त्या एका चित्राला ७४ मिनिटे लागली. १९८६ साली जिम कजिया यांनी कोणत्याही प्रकाशाचा हिशोब एकाच समीकरणात बसवला. पण खरेपणाची कसोटी कॉर्नेलच्या मंडळींनी घेतली. त्यांनी रंगीत भिंतींचे एक खरे खोके बनवले, त्याचेच गणिती चित्र काढले आणि दोन्ही शेजारी शेजारी, कॅमेऱ्याच्या काचेतून, लोकांना दाखवली. खरे कोणते हे ओळखण्यात लोक नाणेफेकीपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. अर्थात खोके मंद रंगाचे होते, त्यात चकाकणारे काही नव्हते.

यापुढे धंदा या गोष्टीत उतरला, आणि तिथे तिसरा पूर्वज भेटतो: वस्तूंचे फोटो काढणारा स्टुडिओतला माणूस. आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने २००६ मध्ये बर्टिल नावाची लाकडी खुर्ची संगणकावर काढून आपल्या कॅटलॉगच्या कामात वापरली. पुढची दोन-तीन वर्षे चित्रे येत राहिली, पण लोकांना ती रुचेनात. मग २००९ च्या सुमारास एक मजेदार प्रसंग घडला, जो तिथले मार्टिन एंथेड यांनी नंतर सांगितला. संगणकाची चित्रे वाईट आहेत अशी तक्रार आली, तेव्हा वाईट आणि चांगली म्हणून दाखवलेली चित्रे तपासली. वाईट ठरलेले खरे फोटो निघाले आणि चांगली ठरलेली चित्रे संगणकाची. त्यानंतर कंपनीने फोटोग्राफरांना थ्रीडी शिकवले आणि थ्रीडीवाल्यांना फोटोग्राफी. २०१४ पर्यंत एकेकट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे ७५ टक्के संगणकावर होऊ लागली होती.

यातली मला महत्त्वाची वाटते ती दुसरी अर्धी शिकवणी. प्रोग्रामला प्रकाश कसा चालतो हे ठाऊक असते, दिवा कुठे ठेवावा हे ठाऊक नसते. चांदीचे भांडे पांढऱ्या तंबूत ठेवून सगळीकडून मऊ उजेड सोडला तर ते प्लास्टरचे दिसते, हे फोटोग्राफर जाणतो. म्हणून तो भांड्याच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या किंचित बाहेर, काळे पुठ्ठे उभे करतो. पुठ्ठ्यांचे प्रतिबिंब कडांवर पडते आणि भांड्याला आकार येतो. एअरब्रशवाल्याची क्षितिजाची काळी रेघ आणि हा काळा पुठ्ठा, काम दोघांचे एकच.

आता हे सगळे एका वस्तूवर लावून पाहू. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी घडतात. भांड्यावर ओळीने हातोडीचे ठोके देऊन पत्रा कठीण करण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. असा मठारलेला एक जग, २२ सेंटिमीटर उंच, एका नव्या मालिकेच्या सादरीकरणासाठी रेंडर करायचा आहे. प्रोग्राम ब्लेंडर घेऊ, कारण तो फुकट आहे.

पहिली गोष्ट, माप खरे ठेवायचे. जग २२ मीटरचा काढला तरी पडद्यावर तसाच दिसतो, पण कॅमेऱ्याची अस्पष्टता आणि दिव्यांची ताकद सगळी फसते. मग तोंडाची कड. खऱ्या जगात कुठलीच कड धारदार नसते. पत्रा दुमडून गोल केलेला असतो. ही गोलाई अर्धा मिलिमीटर दिली की कडेवर एक बारीक उजळ रेघ फिरते आणि डोळ्याला पत्र्याची जाडी कळते. रेंडर खेळण्यासारखे दिसत असेल तर दहापैकी बहुतेक वेळा हीच रेघ गायब असते.

मठाराचे ठोके काढताना चटकन सुचणारा मार्ग म्हणजे खड्ड्यांचे तयार चित्र पृष्ठभागावर चिकटवणे. त्याने फक्त उजेड फसवला जातो, पत्रा हलत नाही. ओळखायचे कसे? जगाच्या बाह्यरेषेकडे पाहा. पोटावर खड्डेच खड्डे आणि कड मात्र कातरीने कापल्यासारखी गुळगुळीत, तर काम खोटे आहे. दुसरी खूण पुनरावृत्तीची. कारागिराच्या ओळी बऱ्यापैकी सरळ असतात, ठोके एकमेकांना किंचित चाटून जातात, पण दोन ठोके सारखे नसतात. तेव्हा ठोक्यांची भूमिती खरी बनवावी आणि प्रत्येकाची जागा, खोली नि कल थोडा थोडा हलवावा. असा प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा खोलगट आरसा, टॉरन्स यांच्या सूक्ष्म आरशांचा थोरला भाऊ. प्रत्येकात दिव्याचे स्वतंत्र प्रतिबिंब पडते, म्हणून मठारलेले भांडे साध्या भांड्यापेक्षा जास्त झगमगते.

मग तांबे. `Metallic` ही पट्टी १ वर. ०.५ वगैरे काही ठेवू नये. अर्धा धातू नावाचा पदार्थ नसतो, आणि तसे केले की फाँग यांच्या काळातले नारिंगी प्लास्टिक परत येते. `Roughness` साधारण ०.२. रंगाचे आकडे लाल ०.९५५, हिरवा ०.६३८, निळा ०.५३८, म्हणजे वेबच्या लिपीत `#FAD1C2`. हा रंग चौकटीत पाहून बहुतेक जण दचकतात, कारण तो फिकट गुलाबी दिसतो. हे कुठले तांबे, म्हणून ते त्याला गडद विटकरी करतात आणि इथेच काम बिघडते. स्वच्छ घासलेले तांबे खरोखर एवढे फिकट असते. मनातला गर्द तांबडा रंग दोन ठिकाणांहून येतो: भोवतालच्या काळोखातून आणि उड्यांमधून. जगाच्या आत पाहा. आतला उजेड तांब्यावरून तांब्यावर उडत बाहेर येतो आणि दर उडीला हिरवा नि निळा भाग घटत जातो. तीन उड्यांनंतर लाल ८७ टक्के उरतो, हिरवा २६ आणि निळा जेमतेम १६. जगाच्या पोटातला तो गडद लाल रंग असा आपोआप तयार होतो, रंगवावा लागत नाही. मात्र प्रोग्रामला तेवढ्या उड्या मारू द्याव्या लागतात. ब्लेंडरमध्ये चकाकीसाठी मुळात चार ठेवलेल्या असतात. वेळ वाचवायला कोणी एकच ठेवली तर जगाचे तोंड काळ्या भोकासारखे दिसते.

दिव्यांसाठी तयार एचडीआरआय टाकण्याचा मोह होतो. पाच मिनिटांत निकाल मिळतो आणि ठोक्याठोक्यात कुणाच्या तरी परदेशी गच्चीचे दृश्य दिसते. मला ते सादरीकरणात खटकते. त्यापेक्षा डावीकडे ६० बाय ९० सेंटिमीटरचा एक मोठा मऊ दिवा ठेवावा, उजवीकडे मागून एक अरुंद पट्टीदिवा, आणि दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे. संगणकात पुठ्ठा म्हणजे एक काळा चौकोन. मोठा दिवा एकसारखा पांढरा न ठेवता एका कडेला मंद होत गेलेला असावा. मग प्रतिबिंबही हळूहळू विरते आणि गोलाई वाचता येते.

कॅमेरा एक मीटर लांब, ८५ मिलिमीटरची लेन्स. इथे एक गैरसमज नेहमीचा. घाट विकृत होतो तो लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे. ३५ मिलिमीटर लावून फ्रेम भरायला कॅमेरा ४० सेंटिमीटरवर आणला की जगाचे तोंड फुगते, तळ आकसतो आणि जग बादलीसारखा दिसतो. उंची अशी की तोंडाचा लंबगोल अरुंद पण उघडा दिसावा. अगदी समोरून पाहिले तर तो सरळ रेघ होतो आणि आतला लाल रंग, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच झाकला जातो. कान उजवीकडे, थोडा पुढे वळवलेला, म्हणजे हातात धरायची वस्तू आहे हे कळते.

एवढे झाल्यावर चित्र चांगले दिसते, आणि तरीही ते तांबट आळीतल्या त्या जगाचे नसते. ते एका आदर्श जगाचे असते. ग्राहकाला घरी आलेल्या जगावर ठोके वेगळे दिसतील, आणि पंधरवड्यात तो काळवंडू लागेल. कारखान्यात साच्यातून काढलेल्या वस्तूला रेंडर जितके प्रामाणिक राहू शकते तितके हाताने घडवलेल्या वस्तूला राहू शकत नाही. थोडी भरपाई करता येते: कानाच्या आणि पोटाच्या धरायच्या जागी `Roughness` ०.३५ पर्यंत वाढवावा, रंग किंचित तपकिरी करावा, बोटांचा वावर दिसेल असा. याहून पुढे जायचे तर तो विशिष्ट जगच सगळ्या बाजूंनी फोटो काढून संगणकात उतरवावा लागतो. तिथे चकाकी पुन्हा आडवी येते, कारण प्रत्येक फोटोत ठोक्यातले प्रतिबिंब जागा बदलते आणि प्रोग्रामला धरायला स्थिर खूणच सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे जगावर खडूच्या भुकटीचा पातळ फवारा मारायचा, तो पूर्ण मंद पांढरा झाला की फोटो काढायचे, आणि भुकटीने घालवलेली लकाकी `Metallic`, `Roughness` आणि रंगाच्या वरच्या आकड्यांनी संगणकात परत द्यायची.